बाहेर पडायची किंमत

धर्माच्या समाजशास्त्राच्या सेमिनारमध्ये तो आपला निबंध वाचत होता. "धर्म हा बाजार. माणूस नफातोटा बघून पंथ निवडतो. नियम कडक असले की फुकटे गळतात, उरलेले जीव ओतून राबतात आणि पंथ बळकट होतो."

मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "जो पंथातच जन्मला, त्यानं कधी निवडलं?"

"सर," तो सरांकडे बघत म्हणाला, "पटलं नाही तर सोडता येतं."

"आणि सोडायची किंमत?"

"सर, तीही माणूस हिशेबात धरतोच."

सर वैतागले. "अरे, प्रश्न तिचा आहे. तिच्याकडे बघून बोल."

त्यानं मान खाली घातली.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "आमचा पंथ मी सोडलाय. सोडून गेलेल्या बहिणीशी बोलला, तर उद्या तोही आईला पारखा होईल."