आतल्या कप्प्यातल्या शुभेच्छा

मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असं लिहिलेलं नव्हतं. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिचा मावसभाऊ, दादा, दर सणाला घरच्या ग्रुपवर फुलांचा फोटो ढकलून मोकळा व्हायचा. वर्षानुवर्षं तीच फुलं. आज मात्र त्याने तिला एकटीला, स्वतः टाइप करून शुभेच्छा पाठवल्या होत्या. ‘सणाच्या खूप खूप शुभेच्छा, खारूताई! नवं शहर, नवं कॉलेज, जमेल सगळं. बॅग भरून झाली असेल, तर आतल्या चेनच्या कप्प्यात बघ.’

ती चरकली. बॅग खरंच भरून झाली होती. आजच्या चारच्या बसचं तिकीट तिने काल स्टँडच्या खिडकीवर काढलं होतं. घरी जायचं आणि कॉलेजला परत यायचंच नाही, हे तिने कुणाच्याही कानावर घातलं नव्हतं.

म्हणजे कुणीतरी चुगली केली. रूममेट आरशासमोर केस विंचरत होती.

“माझ्या दादाला काय कळवलंस तू?”

“मी? मला त्याचा नंबर तरी माहीत आहे का?” रूममेट कंगवा हातात धरून तिच्याकडे बघतच राहिली.

मग आईच. काल फोनवर हिचा आवाज जड झाला होता. आईने मावशीला सांगितलं असणार, मावशीने दादाला. आणि समजूत घालायला निवडला कोण, तर दादा! ‘तिथे कॉलेजच्या पहिल्याच वर्षी असा रमला, की सणालासुद्धा घरी आला नाही,’ हे मावशीचं पालुपद ऐकून हिचे कान किटले होते. त्याचीच जुनी बॅगही मावशीने कौतुकाने हिच्या गळ्यात मारली होती.

तिने तडक फोन लावला. “दादा, खरं सांग. कुणी सांगितलं तुला?”

“काय?”

“बॅग भरल्याचं!”

“म्हणजे भरलीस? अगं, मी आपला अंदाजाने खडा टाकला होता. आधी कप्पा बघ, मग भांड.” त्याने फोन ठेवला.

धुसफुसत तिने कपडे उपसले. अस्तराला चिकटलेली गंजकी चेन महत्प्रयासाने सरकली. आत एकच कागद होता. बसचं तिकीट. सात वर्षांपूर्वीच्या सणाच्या दिवसाचं, याच स्टँडवरून घरी जाणाऱ्या चारच्या बसचं. कंडक्टर फाडतो तो कोपरा शाबूत होता. मागे दादाच्या गिचमिड अक्षरात दोनच शब्द होते: ‘उद्या नक्की.’

ती खाली बसली आणि पोटभर रडली. रूममेटने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

चार वाजून गेल्यावर तिने आपलं तिकीट बाहेर काढलं, त्याच्या मागे ‘उद्या नक्की’ लिहिलं आणि दादाच्या तिकिटाशेजारी ठेवून चेन लावली.