धांदूची तिसरी चूक

“मोज्याचाच बाहुला, आणि मोजे म्हणे कानात घालणार!” त्याला बटणाचे डोळे शिवताना सासूबाई पुटपुटल्या. सॉल्ट लेकच्या मराठी मंडळातल्या चिमुरड्यांसाठी लीना वेंधळ्या धांदूचा खेळ लिहीत होती. धांदूनं चुकायचं, थांबायचं, मुलांनी ओरडून सुधारायचं. त्यानं ऐकूनही वेगळंच चुकायचं. तिसरी चूक सुचेना, म्हणून तिनं मुलीला, नूपुरला, समोर बसवलं. मोजे कानात. “पायात रे, वेड्या!” मोजे हातात. नूपुर खिदळली. मग लीनाच्या हातावरच्या धांदूनं भातुकलीतली ताटं मांडली: आजीचं, आईचं, नूपुरचं, बाबांचं. सासूबाई रोज स्वयंपाकघरात मांडायच्या तशीच. वैशाखापासून त्या चौथ्या ताटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. धांदूची टोपी शिवणाऱ्या सासूबाईंची सुईही थांबली. धांदू नियमाप्रमाणे उत्तराची वाट पाहत राहिला. “चुकलास, धांदू,” नूपुर हळूच म्हणाली, “बाबा मेलेत ना.”