तलवारींची दुर्री

आईला वृद्धाश्रमात ठेवायचं की नोकरी सोडून मीच घरी बसायचं, हे आज पाचपर्यंत कळवायचं होतं. तिला एकटं सोडता येत नाही, म्हणून तिला घेऊनच मी टॅरोवाल्या मॅडमकडे गेले.

"काय करू ते विचारत नाही. मला नक्की काय अडवतंय, एवढंच सांगा."

एकच पान निघालं, तलवारींची दुर्री. डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेली बाई, छातीशी फुलीसारख्या धरलेल्या दोन तलवारी, पाठीमागे समुद्र आणि खडक.

"हिचे हात बांधलेले नाहीत बघा," मॅडम म्हणाल्या. "पट्टी तिची तिनेच बांधलीय. सोडायची तर एक तलवार खाली ठेवावी लागेल, आणि वळली की खडक दिसतील. ते बघायचे नाहीत, म्हणून दोन्ही तोलत बसलीय."

"अजून एक पान काढा ना."

"आधी हे नीट बघा."

मी घड्याळ बघितलं. पावणेपाच. शेजारच्या खुर्चीतून आई वाकली आणि पानावरच्या बाईकडे बघत राहिली.

"अहो, किती वेळ बसवून ठेवलंय हिला," तिने मला विचारलं. "न्यायला येणार आहे ना कुणी?"