पाटीवरचं नाव

“माझं नाव लावायचं नाही,” पंडित रघुवंश मिश्र म्हणाले आणि त्यांनी पानदान स्वतःकडे ओढलं.

वसुधा निगम खाली मान घालून बसली होती. वीस-बावीस वर्षांनी ती गुरुजींच्या गोलागंजमधल्या या बैठकीत आली होती. सासरच्यांना सुनेने रंगमंचावर नाचणं पसंत नव्हतं, म्हणून तिने कथकचं शिक्षण अर्धवट सोडलं होतं. तेव्हा निरोप घ्यायलाही तिचं पाऊल इकडे वळलं नव्हतं. आता नजरबागेत तिने हॉल भाड्याने घेतला होता. वसंतपंचमीला तिचे कथकचे वर्ग सुरू व्हायचे होते आणि अमीनाबादचा पेंटर कोरी पाटी घेऊन नावाची वाट पाहत होता.

“गंडा बांधला नाहीत म्हणून ना, गुरुजी?” तिने विचारलं. मनगटाला गुरूचा धागा बांधल्याशिवाय शिष्य म्हणवून घेता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तो धागा तिने किती वर्षं स्वप्नात पाहिला होता, ते मात्र तिचं तिलाच ठाऊक.

गुरुजींनी तो प्रश्न कानाआड केला. “शिकायला येणार कोण?”

“एक मुलगी आहे. तिला विशारद करायचंय, मग पुढे नृत्यच करायचंय. तिची आई घराणं, गुरू, सगळं विचारून गेली. आणि एक डॉक्टरीणबाई आहेत, पंचावन्नच्या. म्हणाल्या, गुडघे साथ देतील तितकंच शिकेन, पण एकदा पायात घुंगरू बांधायचेत.”

“वाघ आणि शेळी एका पाणवठ्यावर!” गुरुजी हसले. “मग नाव काय काय सुचलं?”

“‘नूपुर’ आणि ‘घुंगरू’ सोसायटी निबंधकांनी परत पाठवली. त्या नावाच्या संस्था आधीच आहेत. ‘कथक परंपरा पीठ’ म्हटलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पीठ ऐकूनच मला घाम फुटला. माझा मुलगा म्हणतो ‘डान्स मस्ती’ ठेव.”

“ते ठेव. म्हणजे ती विशारदवाली आई पाटी वाचूनच रिक्षा माघारी फिरवेल.”

वसुधाला हसू आलं आणि तेवढ्यानेच डोळे भरून आले. असंच ते तिला तालमीत टोचून बोलायचे. त्या बोलण्यासाठी ती इतकी वर्षं तळमळली होती. घरी दार लावून नाचायची तेव्हाही आपलं काय चुकलं ते सांगायला कोणी नसायचं.

“पहिल्या दिवशी त्यांना काय शिकवशील?” गुरुजींनी विचारलं.

“तत्कार. पायांचे पहिले बोल. दोघींनाही.”

“आणि मी सकाळी उठल्यावर काय करतो?”

तिने पाहिलं. रजईच्या कडेखालून त्यांचे सुजलेले पाय बाहेर आले होते. उभं राहणं आता होत नव्हतं. पण बसल्या बसल्या तळवे जाजमावर पडू लागले. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आधी संथ, मग दुप्पट. लयीत केसाइतकाही फरक नव्हता.

“तत्कार,” वसुधा पुटपुटली. “गुरुजी, हेच नाव.”

“खाली ‘कथक नृत्य’ लिही. नाहीतर पायांचा आवाज ऐकून लोक चपलांचं दुकान समजून आत येतील.”

“पण डॉक्टरीणबाईंना तत्कार म्हणजे काय ते कळणार नाही.”

“न कळू दे. विचारायला आत यावं लागेल ना? आत आल्या की पाय आपटून दाखव.”

नाव ठरलं, तरी वसुधा उठेना. तिने धीर एकवटला. “खाली बारीक अक्षरांत तरी... पंडित रघुवंश मिश्र यांची शिष्या?”

“नाही म्हटलं ना!”

म्हणजे क्षमा नव्हतीच. तिने वाकून पाय शिवले आणि पदर सावरत ती दाराकडे वळली.

“थांब,” गुरुजी म्हणाले. “वर बघ.”

दारावर आतल्या बाजूला एक पाटी टेकवून ठेवली होती. ‘रघुवंश कथक अकादमी’. पूर्वी ती रस्त्यावर झळकायची.

“नवशिकी पोरं नाव वाचूनच घाबरायची. जी यायची त्यांना मी पाय चांगला नाही म्हणून परत पाठवायचो. उरलेली मोठी होऊन दिल्लीला गेली. मग एक दिवस पायांचा आवाजच थांबला. माझ्या नावाने एक शाळा बंद पडली आहे, बेटी. तुझी पडायला नको.”

रागाने म्हटलंय असं समजून वसुधाने जे मनाला लावून घेतलं, ती माया होती.

तेवढ्यात काठी टेकत बच्चन खाँ आले. गुरुजींच्या नाचाला आयुष्यभर तबल्यावर साथ केलेले, गल्लीतले सगळ्यात जुने मित्र.

“पंडितजी, नजरबागेत कथकची शाळा निघतेय म्हणे. कुणाची?”

“तत्कार नाव तिचं,” गुरुजी म्हणाले. “नवखे आणि साधक, दोघांनाही एकाच पाटीखाली घेणार आहे. मला जमलं नाही ते. वसुधाची आहे ती शाळा.”

तिचं नाव उच्चारताना त्यांचा हात वर गेला आणि कानाच्या पाळीला लागला.

खाँसाहेब काठीवर रेलले. “अहो, कानाला हात कसला लावता? तो आपल्या उस्तादाचं नाव घेताना लावायचा.”

“मला ठाऊक आहे,” गुरुजी म्हणाले.