रुमालाखालचा हात

"एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. पेर दाबलं की अर्धा." रखमाजींनी रुमालाखाली कडूबाचा हात धरला. "सांग, किती?"

"साडेतीन, आबा."

"बराबर!"

रखमाजींची छाती फुगली. जालन्यातली कापसाची आडत, म्हणजे दलालीचं दुकान, त्यांनी ऐन पंचेचाळिशीत मुलाच्या, कारभारीच्या, हवाली केली आणि आपलं गाव, वडीगोद्री, गाठलं. शेत बटईनं दिलेलं, कमी कशाची नव्हती. तरी सुरुवातीचे महिने वाईट गेले. पहाटे उठून फेटा बांधायचे; जायचं कुठं, म्हणून पुन्हा सोडायचे. ताटातलं अन्न ताटातच राहायचं. कारभारी भेटायला यायचा, बापाकडे बघत बसायचा आणि गुपचूप परत जायचा.

मग एक दिवस गावातला शेतकरी कडूबा कापूस विकून जालन्याहून थेट त्यांच्या ओट्यावर आला. खांद्यावर नवा कोरा तांबडा रुमाल. पाठ केल्यासारखं म्हणाला, "आबा, आडत्या अन् गिऱ्हाईक रुमालाखाली काय बोलतेत, ते आम्हाला शिकवता का?"

तिथून सुरुवात झाली. सौदा रुमालाखाली व्हायचा, माल ज्याचा तो बाजूला उभा; आडत्या सांगेल तोच भाव त्याला खरा मानावा लागायचा. रखमाजी शिकवत, "आडत्यानं भाव सांगितला की गप ऱ्हायचं. आपला रुमाल गिऱ्हाइकापुढं धरायचा, तोच भाव त्याच्या हातानं दाबून घ्यायचा. फरक निघाला, तर गाडीतला माल उतरवायचा न्हाई."

वर्षभरात ओटा भरू लागला. शेजारच्या अंतरवालीहूनही माणसं येत. दमडी न घेता रखमाजी प्रत्येकाचा हात हातात धरून घोकून घेत. गल्ल्यावर बसून कधी लागली नव्हती इतकी भूक आता लागे. एकच गोष्ट सलत होती. हे आपण कारभारीच्या पाठीमागं करतोय, आणि बाजारात भोगावं त्यालाच लागणार.

झालंही तसंच. दिवाळीनंतर कारभारी आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. ओट्यावरची माणसं उठून गेली.

"आबा, बाकीचे आडते मला वाळीत टाकायचं बोलून राह्यले. म्हणतेत, वडीगोद्रीत कुणीतरी मान्सं शिकवून तयार करून राह्यलंय."

रखमाजी ताठ बसले. मान खाली गेली नाही.

"कुणीतरी न्हाई. मीच. तुला तोटा होईल हे ठावं व्हतं. तरी सोडणार न्हाई. जन्मभर कमावलं त्यात इतका आनंद मला न्हाई घावला. तुला राग आला असंल, तर बोल."

कारभारीनं ओट्यावरचा तांबडा रुमाल उचलला, बापाच्या हातावर पसरला आणि खाली हात घालून त्यांचा अख्खा पंजा घट्ट धरला.

"ह्यो रुमाल आपल्याच दुकानातला हाय, आबा. कडूबाच्या खांद्यावर टाकून त्याला तुमच्याकडं मीच धाडलं व्हतं."