आणखी काही मदत?

हेल्पलाइनवर तो दिवसभर ग्राहकांच्या शिव्या खायचा. उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून घरी येऊन बायकोपाशी मन मोकळं करायचा. आधी "ऐकतेस जरा?" असं विचारायचा, आणि शेवटी "तुझं काय आज?" असंही. हळूहळू दोन्ही प्रश्न गळाले. तिने काही सुचवलं तर डाफरायचा, गप्प बसली तर आणखीच भडकायचा.

आजही बूट न काढताच सुरू झाला. तो दम घ्यायला थांबला, तेव्हा ती शांत, गोड आवाजात म्हणाली, "आपला त्रास मी समजू शकते. आणखी काही मदत करू शकते का?"

तो खाली बसून बूट काढू लागला.

समोरच्याचं बोलणं मनापर्यंत पोचेनासं झालं, की फोनवर तोही अगदी याच आवाजात हेच म्हणायचा.