निवतोय

"ते हेल्मेट काढ की खुर्चीवरचं," उपेंद्र म्हणाला. "आणि तेजस्वीची पर्स पण. खुर्ची रिकामी दिसाय पायजे."

आशिषनं दोन्ही उचलून टेबलाखाली सरकवलं. कॅम्पातल्या त्या हॉटेलात रविवारी सकाळी तिघांचं हे टेबल ठरलेलं. चौथ्या खुर्चीवर गेले कित्येक रविवार सामानच बसत होतं. आज ती पहिल्यांदा रिकामी झाली, तीही फोटोपुरती.

उपेंद्रनं मुद्दाम चौथा चहा सांगितला. कप रिकाम्या खुर्चीपुढं ठेवला, कपाचा कान त्या बाजूला वळवला, वाफ उठतेय तोवर फोटो काढला. मग तिघांचे चेहरे कापून टाकले. राहिले तीन हात, चार कप आणि खुर्ची.

"आता लिहू काय?"

"मिस यू रवळू, लवकर बरा हो," तेजस्वी म्हणाली.

"हे तुझ्या बँकेच्या ग्रुपवर टाक. नाव घेतलं की संपलं, लोकांना शोधाय काय उरतंय?"

"मग लिही, एक खुर्ची रिकामी," आशिष म्हणाला.

"ती फोटोत दिसत्याच की. आंधळ्यांसाठी लिहितोय काय आपण?"

उपेंद्रला ह्यातलं कळत होतं. माणसांचं नसेल कळत, पण लोकांचा अंगठा कुठं थांबतो ते नेमकं कळत होतं. त्यानं लिहिलं: 'सवयीनं चार चहा सांगितले. एक निवला.' वाचलं. 'सवयीनं' खोडलं. सवय वाचणाऱ्यानं आपली आपण घालावी. 'निवला'पाशी तो जरा अडला.

"निवला म्हटलं की विषय मिटला. निवतोय म्हटलं की कुणीतरी वाट बघत बसलंय."

'चार चहा सांगितले. एक निवतोय.'

"हात जोडलेले टाक की त्यापुढं," आशिष म्हणाला.

"हात जोडलेस की तो मेला. काहीच नको."

"त्याला टॅग तरी कर," तेजस्वी म्हणाली.

"आणि तो येऊन खाली 'थँक्यू दोस्तांनो' लिहिणार. सगळी हवा गेली."

तेजस्वीनं आपला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "आपण एकदा तरी जायला पायजे होतं रे त्याच्याकडं."

"गेलतो की दवाखान्यात," आशिष म्हणाला. "अंगावरनं वारं गेल्यापासनं बोलाय लई वेळ लावतोय गं. जोक सांगितला तर पुढच्या जोकाला हसतोय." आणि स्वतःच हसला. तेजस्वीलाही हसू आलं, ते तिनं रुमालात घेतलं.

पोस्ट गेली. आशिषनं चौथा चहा ओढून घेतला. निवलेलाच होता, दोन घोटांत संपला. हेल्मेट आणि पर्स खुर्चीवर परत आली.

उपेंद्रचा फोन टेबलावर थरथरू लागला. निपाणीच्या कुणीतरी पोस्ट पुढं पाठवली. उचगावच्या एकानं लिहिलं, 'शब्द नाहीत.' मग कुणीतरी विचारलं, 'कोण गेलं?' आणि कुणी उत्तर द्यायच्या आत पहिली भावपूर्ण श्रद्धांजली पडली. एक पडली की आपल्याकडं रांग लागते. मागचा माणूस नाव विचारत बसत नाही.

"अरे, जिवंत हाय म्हणून सांग की," तेजस्वी म्हणाली.

"मेला म्हणून मी कुठं लिहिलंय? चाललंय ते चालू दे."

तेवढ्यात दारातून रवळू आला. उजवा पाय फरशीवरून ओढत, डाव्या हातानं टेबलांच्या कडा धरत. शर्टाला कडक इस्त्री, केस ओले. तोंड एका बाजूला ओढलेलं असल्यानं तो हसतोय की नाही ते जवळ येईपर्यंत कळेना. हसत होता.

"बघितलं मी," तो म्हणाला. प्रत्येक शब्द उचलून आणल्यासारखा. "चा... निवतोय. म्हणून... आलो."

"कुठनं रे?" तेजस्वीनं पर्स उचलली.

"भैनीकडं हाय. हितंच... मागच्या गल्लीत. दिवाळीपासनं."

बाहेर मार्चचं ऊन होतं. आशिषनं हेल्मेट मांडीवर घेतलं. रवळू खुर्चीत बसला आणि पुढ्यातल्या कपाकडं बघू लागला. तळाशी साय चिकटली होती. आशिषनं मिशी पुसली.

"गरम सांगतो रं तुला, थांब."

"फोटो काढा की आता," रवळू म्हणाला. "मी... बसलोय."

"बॅटरी संपल्या रं," उपेंद्र म्हणाला. फोन टेबलावर थरथरतच होता. त्यानं तो उचलून मांडीवर घेतला.

रवळूनं मान डोलावली. शर्टाच्या खिशातून स्वतःचा फोन काढला आणि डाव्या अंगठ्यानं एकेक अक्षर शोधू लागला. जिभेचं टोक बाहेर आलं होतं. चहा आला तरी मान वर नाही.

उपेंद्रच्या मांडीवर श्रद्धांजल्यांच्या खाली एक ओळ उगवली. रवळूचं नाव, त्यापुढं: 'आलो'.

उपेंद्रनं त्या ओळीवर अंगठा दाबून धरला. 'डिलीट?' फोननं विचारलं. त्यानं हो म्हटलं. तेजस्वीनं ते बघितलं, आणि भिंतीवरच्या दरपत्रकाकडं तोंड फिरवलं.

रवळूनं आपला फोन डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ नेला.

"गेलंच न्हाय वाटतं," तो म्हणाला. "रेंज... न्हाय हितं."

आणि पुन्हा पहिलं अक्षर शोधू लागला. मांडीवर उपेंद्रचा अंगठा तयार होता. रवळूच्या पुढ्यातला चहा निवत होता.